भाऊजींनी सोडलेली जागा

माझे भाऊजी कवळ्या करतात. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांची त्यांची लॅब आहे. दवाखान्यातून दातांची मापं आली की त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासायचे आणि चमकवायचे. मी ज्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, तिथल्या निम्म्या कवळ्या त्यांच्याच हातच्या. वर्षानुवर्षं प्लास्टर उडून भुवया कायम पांढऱ्या. ताई म्हणायची, "माझ्या नवऱ्याला म्हातारपण आलेलं कुणाला कळणारच नाही, आधीपासूनच आहे."

माणूस देवमाणूस, पण एक खोड होती. खोडच म्हणते मी, गुण म्हणणार नाही. जी जागा आपण वापरणार नाही, ती क्षणभरही अडवून ठेवायची नाही. बसमध्ये आपला थांबा यायच्या आधीच उठून उभे राहायचे, कुणीतरी बसेल म्हणून. लग्नाला जमणार नसेल तर आमंत्रण मिळाल्याच्या संध्याकाळी फोन करून सांगायचे, म्हणजे त्यांचं एक ताट वाचेल. एकदा माझ्याकडे डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि दाढ आपोआप दुखायची थांबली. मी म्हटलं, "भाऊजी, येऊन दाखवून तरी जा." तर म्हणे, "नको मेहुणीबाई, खरं दुखणाऱ्याला द्या ती वेळ." दुसऱ्या आठवड्यात तीच दाढ अशी ठणकली की गाल धरून आले, आणि वेळ नव्हती. रांगेत बसले निमूट. मी मनसोक्त हसले होते तेव्हा.

त्यांना एकच मुलगी. लहानपणापासून उंच आणि काटकुळी, म्हणून तिला सगळे शेंग म्हणतात. शेंग हुशार निघाली. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीत तिला दात बनवायच्या साहित्याच्याच शास्त्रात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. बापाच्या लॅबमधली पोर, प्लास्टर आणि मेणात वाढलेली. भाऊजींनी ते पत्र लॅबच्या भिंतीवर चिकटवलं आणि येणाऱ्या प्रत्येक पोऱ्याला, कुरिअरवाल्याला वाचून दाखवलं.

जागा पक्की करायला डिपॉझिट भरायचं होतं. ते भरल्याशिवाय युनिव्हर्सिटी प्रवेशाचं पक्कं प्रमाणपत्र देत नाही, आणि ते प्रमाणपत्र नसेल तर व्हिसाचा अर्जच करता येत नाही. रक्कम ऐकून मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ताईनं बांगड्या काढल्या. वीस वर्षं पोस्टात टाकलेले पैसेही काढले. मी म्हटलं, "अगं, बुडाले तर?" ताई पत्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, लिहिलंय. परत मिळणारं डिपॉझिट." तो शब्द तिनं दोनदा वाचला. भाऊजींनी एकदा. अटी पुढच्या पानावर होत्या. त्या कुणीच वाचल्या नाहीत, मीसुद्धा नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

पैसे गेले, प्रमाणपत्र आलं, परदेशी शिक्षणाची कामं बघणाऱ्या एजन्सीतल्या मॅडमच्या हातून व्हिसाचा अर्ज गेला. शेंग बोटांचे ठसेही देऊन आली. आता फक्त उत्तराची वाट होती.

आणि त्यातच ताई न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. शेंग रात्रंदिवस तिच्या उशाशी. कुशीवर वळवायचं, चमच्यानं भरवायचं, व्यायामवाल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे बोटांची उघडमीट करवायची. भाऊजी लॅब बंद ठेवतील तर औषधं कुठून येणार? चार दिवसांनी शेंग म्हणाली, "बाबा, मी काही यंदा जात नाही. आईला अशी टाकून? शक्यच नाही. युनिव्हर्सिटीचं काय करायचं ते त्या एजन्सीतल्या मॅडमना विचारा." आणि आपला पासवर्ड तिनं कागदावर लिहून दिला, लागला तर असावा म्हणून.

विचारायला हवं होतं हो. एक फोन. पण मॅडमचं ऑफिस तीन दिवस बंद होतं आणि तीन दिवस जागा अडवून बसायचं भाऊजींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लॅबच्या कॉम्प्युटरवर शेंगचं खातं उघडलं. तिथे दोन पर्याय होते. एक, प्रवेश पुढच्या सत्रात ढकला, जागा आणि डिपॉझिट दोन्ही तसंच राहील. दुसरा, प्रवेश मागे घ्या. मला नंतर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, "पहिलं वाचलं मी. पण पुढच्या वर्षी तरी जमेल का, काय सांगावं? तोवर तिथलं एखादं पोर ताटकळायचं. म्हटलं, मोकळी करू. पैसे काय, परत मिळणारेच आहेत." त्यांनी दुसरा पर्याय दाबला. वर कारणाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, घरी आजारपण आहे, जागा दुसऱ्या गरजूला द्यावी, आपला आभारी.

तासाभरात उत्तर आलं. मागे घेतल्याची नोंद झाली आहे. प्रमाणपत्र रद्द केलं आहे आणि व्हिसा खात्याला तसं कळवलं आहे. परताव्याचं पुढच्या पानावर बघावं.

पुढचं पान तेव्हा मी वाचलं. दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून, मोबाइलवर. व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट परत, थोडा कार्यालयीन खर्च कापून, नकाराचं पत्र दाखवल्यावर. भरल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत विचार बदलला तर सगळं परत. ते आठवडे कधीच सरले होते. आणि व्हिसाचा निर्णय येण्याआधी विद्यार्थ्यानं स्वतःहून माघार घेतली, तर काही परत नाही. साध्या, स्वच्छ वाक्यात लिहिलं होतं.

एजन्सीतल्या मॅडमकडे मी भाऊजींना घेऊन गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "काका, गप्प बसायचं होतं हो. एवढंच करायचं होतं, काहीच नाही. व्हिसा नाकारला असता तर पैसे परत आले असते. मिळाला असता तर आपण सत्र पुढे ढकललं असतं, डिपॉझिट तिथेच राहिलं असतं, नवा व्हिसा पुढच्या वर्षी काढला असता. माझी निम्मी मुलं हेच करतात."

भाऊजी म्हणाले, "पण तोवर जागा उगाच अडली असती ना."

"काका, तिथे वर्गात तीनशे मुलं आहेत!" मॅडमचा आवाज चढला. "तुमच्या एका खुर्चीनं कुणाचं काय अडत होतं?"

मला बाईंचा राग आला आणि भाऊजींचा दुप्पट आला. घरी येताना मी त्यांना वाट्टेल ते बोलले. जन्मभर दुनियेच्या खुर्च्या सांभाळल्यात, घरच्या पोरीची एक सांभाळता आली नाही का? ते ऐकत चालत राहिले. शेवटी म्हणाले, "बोला मेहुणीबाई. तुमचा हक्क आहे." मग मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्यानं व्हिसाचं पत्र आलं. नाकारला! खरं सांगते, आम्ही नाचलो. नकारावर नाचणारं जगात आमचंच घर असेल. शेंगनं मला मिठी मारली, भाऊजींनी पत्र कपाळाला लावलं. नकाराचं पत्र असेल तर डिपॉझिट परत, लिहिलंय की तसं! शेंगनं त्याच संध्याकाळी परताव्याचा अर्ज भरला, पत्र जोडलं, आईचे डॉक्टरांचे कागदही जोडले. भाऊजी तर हिशेबही करून बसले, पैसे आले की तसेच ठेवायचे, पुढच्या वर्षीच्या डिपॉझिटला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. व्हिसा नाकारण्याचं कारण पत्रातच आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. प्रमाणपत्र रद्द झालेलं होतं. आणि ते विद्यार्थिनीनं स्वतः माघार घेतल्यामुळे रद्द झालं होतं, निर्णयाच्या आधी. म्हणून हा नकार परताव्यासाठी धरता येत नाही. घरच्यांच्या आजारपणाबद्दल त्यांना सहानुभूती होती. नियमात मात्र ते बसत नव्हतं. अपील केलं, त्याचंही हेच उत्तर आलं, फक्त जास्त नम्र भाषेत. नकारानंतर आरोग्यविम्यासाठी वेगळे भरलेले पैसे तेवढे परत जमा झाले. व्हिसाची फी गेली ती गेलीच.

युनिव्हर्सिटीनं फसवलं असं मी म्हणू शकत नाही, हीच तर चीड आहे. कुणाला शिव्या घालायच्या? सगळं लिहिलेलं होतं.

शेंग आता लॅबमध्ये बसते. सकाळी आईचं करून येते, दात बसवते, दुपारी पुन्हा घरी. हात बापासारखाच आहे, नजर बापापेक्षा तीक्ष्ण. पुन्हा प्रवेश मागितला तर मिळेलही. पण डिपॉझिट कुठून आणायचं? बांगड्या एकदाच विकता येतात. भिंतीवरचं पत्र तिनंच काढलं, चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला. भाऊजी बघत होते. ती म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना." तिनं बापाला एका शब्दानं दोष दिला नाही. मला वाटतं दिला असता तर बरं झालं असतं.

ताईला यातलं काही माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, धक्का नको. हळूहळू तिची जीभ थोडी सुटली. शब्द अर्धे येतात, पण आम्हाला कळतात. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा भाऊजी तिला चमच्यानं चहा पाजत होते. शेंग दारात टॉवेल घडी करत होती. ताईनं डावा हात उचलला, रिकाम्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, "शेंग... कधी... जाणार?"

मी भाऊजींकडे बघितलं. मला पक्कं माहीत होतं, हा माणूस आता खरं सांगून टाकणार. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना जमतच नाही, ना बसमध्ये, ना लग्नात, ना माझ्या काउंटरवर.

भाऊजींनी चमचा बशीत ठेवला. तिच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला.

"अजून व्हिसाचं उत्तर आलं नाही गं," ते म्हणाले. "वेळ लागतो त्यांना. आपली जागा ठेवलीय त्यांनी धरून."

ताई समाधानानं हसली, अर्ध्या तोंडानं. "मग... थांबू," म्हणाली. आणि चहासाठी पुन्हा तोंड उघडलं.

दारातली शेंग वळून आत निघून गेली. भाऊजींनी पुढचा चमचा भरला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडाशी नेला.