छत्तीस चेहरे आणि एक पडदा

शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणून जे काही बटण दाबून चालतं ते सगळं माझ्या गळ्यात पडतं. पाण्याची मोटर, संगणक, ध्वनिक्षेपक. त्यामुळे दहावीच्या मुलांची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा फोटोंचं कामही माझ्याकडेच येणार, हे मला आधीच कळलं होतं. वरून मी कुरकुर केली, पण मनातून खूश होते. नको तिथं नाक खुपसायची मला भारी खोड आहे.

सिहोऱ्याच्या रस्त्यावर एक स्टुडिओवाले भाऊ आहेत. आजूबाजूच्या गावांतली लग्नं आणि लग्न जुळवताना स्थळांना द्यायचे फोटो, दोन्ही त्यांच्याकडेच. त्यांनी एका वर्गात खिडकीसमोर तिरपा राखाडी पडदा लावला, पडद्यापासून चार फुटांवर खुर्ची ठेवली आणि तिच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या.

"इतकी दूर काहून?" मी विचारलं.

"पोरगा पडद्याले टेकला का मागं सावली पडते जी. मंग एकाच्या मागं सावली, दुसऱ्याच्या मागं नाही. पुस्तकात बेकार दिसते."

प्रार्थनेनंतर सुरू झालेलं काम डब्याच्या सुट्टीपर्यंत चाललं. छत्तीस मुलं. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या उंचीला भाऊ कॅमेरा वरखाली करत होते. संध्याकाळी स्टुडिओत त्यांनी संगणकावर एक चौकट दाखवली. तिच्यात दोन आडव्या रेघा होत्या, एक डोळ्यांची, एक हनुवटीची. प्रत्येक फोटो लहानमोठा करून त्या रेघांवर बसवायचा, म्हणजे सगळी डोकी सारख्या मापाची होतात. वेण्या वर बांधून लाल रिबिनीची फुलं काढलेल्या मुलींचं माप कुठून घ्यायचं, असा मला प्रश्न पडला. ते म्हणाले, "रिबिन वर कापली गेली तरी चालते, तोंड छोटं नाही झालं पायजे." हे मला फार आवडलं. घरी जाऊन मी नवऱ्यालाही सांगितलं, त्यानं फक्त मान हलवली.

आठवड्यानं नमुन्याचा मोठा कागद आला. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा चेहरे. राखाडी पडदा जाऊन गुळगुळीत आकाशी रंग आला होता. सगळे गोरे, सगळे नितळ. खरं सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो कागद सुंदर वाटला. शनिवारी पालकसभा होती, म्हणून तो मी हौसेनं फळ्यावर लावला. सोमवारी सगळं छापखान्याला जायचं होतं.

सभा संपल्यावर एक आई फळ्यासमोर उभी राहिली. धान रोवणीला जाणारी बाई, हातापायांना भेगा. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे फोटोंखालची नावं तिच्या कामाची नव्हती. ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत पुढे सरकत होती. तिची मुलगी शेजारी उभी होती. चौथ्या ओळीत बोट त्या मुलीच्याच फोटोवर आलं आणि पुढे गेलं. सहावी ओळ संपली. बाईनं माझ्याकडे पाहिलं.

"हिचा फोटो नाही काढला का जी?"

मी चौथ्या ओळीतला फोटो दाखवला. तिनं वाकून पाहिला, मग मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "अस्सं," एवढंच म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. मुलगी माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माहा फोटो पुस्तकातून काढून टाका. माह्या आईलेच मी सापडली नाही."

मला लाज वाटली. ती मुलगी सावळी, नाकाच्या बाजूला कांजण्यांचा खोल व्रण. कागदावरच्या पोरीला ना तो रंग होता, ना तो व्रण. तीन वर्षं मी तिला शिकवलं होतं आणि कागद पाहताना मलाही काही खटकलं नव्हतं.

रविवारी सकाळीच मी स्टुडिओत जाऊन बसले. भाऊ गोंधळले. "म्याडम, तुम्हीच म्हणाल्या ना, सगळे एकसारखे दिसले पायजे. म्हून एकेकाचं तोंड बाजूच्याशी जुळवलं. लग्नाच्या फोटोत असंच करतो मी. आजवर कोनी नाव नाही ठेवलं."

त्यांचं खोटं नव्हतं. सांगितलं मीच होतं. सारखं काय करायचं, हे मात्र आम्ही दोघांनीही धड ठरवलं नव्हतं.

"मूळ फोटो आहेत?"

"हायेत ना जी. मूळ कधी पुसत नाही."

मूळ फोटो उघडले तर पडदा कुठं उजळ, कुठं काळपट, सकाळचा निळसर, दुपारचा पिवळट. कॅमेरा ऑटोवर होता, तो प्रत्येक फोटोला उजेडाचं आणि रंगाचं गणित आपणच बदलत होता. मी म्हटलं, चेहऱ्यांना हात लावू नका, दुसरं काहीतरी जुळवू. आधी आम्ही पांढरा सदरा धरून पाहिला. पण एकाच्या आईनं नीळ सढळ हातानं घातलेली, दुसऱ्याचा सदरा बोअरच्या पाण्यानं पिवळा पडलेला. सदऱ्यावर भरवसा ठेवला की चेहरे भलत्याच रंगाचे व्हायचे. मग भाऊच म्हणाले, "पडदा तं एकच होता."

खरंच की! छत्तीस जणांमागं तोच कापडाचा तुकडा, आणि चेहऱ्यावर होता तोच खिडकीचा उजेड त्याच्यावरही होता. प्रत्येक फोटोत पडद्यावर टिचकी मारून तो निव्वळ राखाडी करायचा, मग त्याचा उजळपणा सगळ्या फोटोंत एकाच आकड्यावर आणायचा. बाकी काही नाही. पहिले सहा झाल्यावर आम्ही ओळ लावून पाहिली. मागचा पडदा एकसंध भिंतीसारखा झाला होता आणि त्याच्यापुढे सहा मुलं आपापल्या रंगात बसली होती. कुणी गव्हाळ, कुणी काळा कुळकुळीत, कुणी पिवळसर गोरा. मी आनंदानं टेबलावर थाप मारली. भाऊंचा चहा सांडला.

त्या मुलीचा फोटो आला तेव्हा भाऊंचा हात व्रणाजवळ थबकला. "हा ठेवू?"

"ठेवा."

दुपारपर्यंत छत्तीस झाले. उठताना ते म्हणाले, "शिक्षकांच्या पानाचं काय करायचं? ते तं सगळ्यांनी घरून आपापले फोटो देल्ले."

"राहू द्या तसेच," मी म्हटलं. घाई होती, असं मी स्वतःला सांगितलं.

निरोप समारंभाला स्मरणिका वाटली. ती आई आली होती. मुलीनं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत बसली. बाईचं बोट पहिल्या ओळीवरून निघालं, चौथ्या ओळीत आलं आणि थांबलं. "हे पाहा! नाकावरचा डाग बी आला." तिनं पदरानं फोटो पुसला. मुलगी हसली.

मग बाईनं पान उलटलं. शिक्षकांचं पान. "आता तुम्ही कुठी हाये मॅडम, मी शोधतो," म्हणाली, आणि बोट फिरवू लागली. लग्नाच्या वेळी याच स्टुडिओत काढलेला माझा फोटो दुसऱ्या ओळीत होता, माझ्यापेक्षा चांगला गोरा, गालावरचा तीळ गायब. बोट त्याच्यावर आलं. मी श्वास रोखून धरला.

बोट पुढे सरकलं.