मदत नाही, माप

माझी वहिनी बूट बनवते. दुकानात खोक्यात मिळतात तसले नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची टाच वाकडी आहे, ज्यांना जगातला एकही तयार बूट होत नाही, त्यांचे. एका जोडाला तिला दहा-बारा दिवस लागतात, आणि गाळ्याचं भाडं, चामडं, गोंद वजा जाता महिन्याकाठी अठरा हजार सुटतात. माझा धाकटा भाऊ विमानांची इंजिनं तपासतो. त्याच्या हातात बहात्तर हजार पडतात. हे आकडे मी आत्ताच सांगून टाकते, कारण सगळं रामायण त्यांच्यावरूनच घडलं आणि त्यात माझा हात होता.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे मला न विचारता सल्ला देण्याची खोड आहे. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा वहिनीने मला एवढंच विचारलं होतं, "ताई, घरखर्चाचं कसं करावं? मला कुणाच्या जिवावर राहायचं नाही." मी मोठ्या ऐटीत सांगितलं की सारखं द्या, निम्मं-निम्मं, म्हणजे कुणी कुणाचं देणं लागत नाही. तिला ते मनापासून पटलं आणि मलाही माझं फार कौतुक वाटलं.

घराचं भाडं, किराणा, वीज, गॅस धरून तीस हजार व्हायचे. दर एक तारखेला वहिनी पंधरा हजार भरायची. तीन वर्षांत एकदाही दोन तारीख उजाडू दिली नाही. तिच्यापाशी तीन हजार उरायचे आणि त्याच्यापाशी सत्तावन्न. भाऊ काही दुष्ट नाही. एकदा तो म्हणाला होता की राहू दे, वरचे मी देतो. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. 'वरचे देतो' हा शब्द तिला भीक घातल्यासारखा लागला. मग त्याने तो विषयच सोडला, आणि सोडायला सोपाही होता. तिची दाढ दुखत होती ती तिने आठ महिने तशीच ठेवली, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी भावाने मोठं घर बघितलं. दोन बाल्कन्या, लिफ्ट, त्याच्या कामापासून दहा मिनिटं. खर्च छत्तीस हजारांवर जाणार होता. वहिनीने मान डोलावली. निम्मे म्हणजे अठरा, म्हणजे तिची सगळीच्या सगळी कमाई. तिने कुणाला न सांगता एका बूट कारखान्यात नोकरी धरली. सव्वीस हजार पगार, दिवसभर एकाच मापाचे तळवे चिकटवायचे. गाळा सोडायचा म्हणून शटरवर पाटी लागली, तेव्हा कुठे आम्हाला पत्ता लागला.

आवराआवर करायला रविवारी दुपारी मी आणि भाऊ गाळ्यात गेलो. भिंतभर लाकडी साचे टांगले होते, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव खडूने लिहिलेलं. शिवायचं मोठं मशीन दुसऱ्या दिवशी विकत घेणारा नेणार होता. वहिनीला थांबवायची भावाची इच्छा होती, पण कुठल्या तोंडाने थांबवणार. पैसे देतो म्हणालं की ती बिथरणार, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात एक पोस्टमन आला. हाडाच्या दुखण्याने त्याचा डावा पाय आखूड झाला होता आणि वर्षानुवर्षं एका अंगावर झुकत चालून त्याची कंबर कामातून गेली होती. हे वहिनीचं शेवटचं गिऱ्हाईक. तिने त्याला अनवाणी सरळ उभं केलं, मागे गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवले. मग डाव्या पायाखाली पातळ लाकडी पट्टी सरकवली. हात ठेवून पाहिलं. आणखी एक पट्टी. पुन्हा हात. ती पायांकडे बघतच नव्हती. आठव्या पट्टीला तिचे दोन्ही अंगठे एका रेषेत आले. चार सेंटिमीटर.

पोस्टमनच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो नुसता उभा होता. श्वास रोखून, हात लोंबते सोडून, सरळ. कमरेतला दगड कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखा. वीस वर्षं मी फळ्यावर लिहून पोरांना शिकवते, पण लाकडाच्या आठ पट्ट्यांनी माणूस असा सरळ होताना मी कधी पाहिला नव्हता.

वहिनीने त्याला समजावलं की पहिल्या जोडात एवढं सगळं देणार नाही, आधी दोन सेंटिमीटर, अंगाला सवय झाली की पुढचं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी बसून करून देईन. पोस्टमन खाली वाकून पट्ट्यांकडे बघत राहिला. मग संकोचून म्हणाला की दोन्ही तळवे सारखेच ठेवता आले तर बरं. एक जाड, एक पातळ असले की लोकांना कळतं, याला आधार लागतो. आयुष्यभर कुणाची मदत घेतली नाही, आता कशाला.

वहिनी पट्ट्या गोळा करता करता सहज म्हणाली, "ही मदत नाही, माप आहे. तळवे सारखे केले तर तुम्ही वाकडे होता. सारखी व्हायला हवी ती कंबर."

आणि ती थांबली. पट्ट्या हातात तशाच. पोस्टमन पुढचं ऐकायला थांबला होता, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती भावाकडे बघत होती, आणि भाऊ तिच्याकडे.

पोस्टमन गेल्यावर मीच एक खडू उचलला. तळव्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. अठरा आणि बहात्तर, मिळून नव्वद. खर्च तीस, म्हणजे कमाईचा तिसरा हिस्सा. वहिनीच्या अठरातले सहा, भावाच्या बहात्तरातले चोवीस. दोघांच्याही कमाईतला तेवढाच वाटा. इयत्ता सातवीचं गणित. 'सारखं' या शब्दाला मी तीन वर्षं चुकीच्या टोकाने धरलं होतं.

वहिनीने लगेच खुसपट काढलं. तिची कमाई दर महिन्याला वेगळी, पावसाळ्यात निम्म्यावर येते, मग? भाऊ म्हणाला सहा महिन्यांची सरासरी धरू, कमी-जास्त झालं की वाटा पुन्हा मोजू. मग तिने ज्यासाठी सगळं अडलं होतं ते विचारलं.

"मी सहा दिले तर घरात माझा शब्दही सहाचाच?"

भाऊ जमिनीवर बसला होता. म्हणाला, "तुझी कंबर आणि माझी कंबर एका रेषेत. ते मोठं घर तू नको म्हणालीस तर नको."

"नको," ती म्हणाली. "लिफ्ट तुला हवी होती. मला हा गाळा हवा होता."

त्याने बाहेर जाऊन शटरवरची पाटी काढली, आणि वहिनीने मशीन नेणाऱ्याला आणि कारखान्याला नको म्हणून कळवलं.

पुढच्या एक तारखेला वहिनीने सहा हजार भरले आणि त्याच दिवशी दाढ दाखवून आली. पोस्टमनचा पहिला जोड बारा दिवसांत तयार झाला, आणि अंगाला सवय झाल्यावर पुऱ्या चार सेंटिमीटरचा दुसरा. तो घालून तो गाळ्यातून बाहेर पडला तेव्हा आम्ही तिघंही दारात उभे होतो. एक तळवा जाड, एक पातळ, आणि फरशीवर दोन्ही पावलांचा आवाज अगदी सारखा.