वाढदिवसाच्या वेबसाइटवरचं पहिलं वाक्य

वहिनीने शाळेतली, शिपायाची नव्हे, चांगली बालवाडीच्या बाईंची नोकरी सोडून लहान मुलांचे वाढदिवस साजरे करून देण्याचा धंदा काढला, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. दिवाळीपर्यंत कामं मिळाली नाहीत तर पुन्हा नोकरी शोधायची, असं ठरलं होतं. वेबसाइटचा मजकूर माझ्या गळ्यात पडला, कारण घरात लिहिणारी मी एकटी, आणि त्याचा मला तोराही होता.

मी झोकात लिहिलं, "तुम्ही फक्त या!" खाली स्वप्नं, परीराज्य, अविस्मरणीय क्षण, सगळं ओतलं.

वहिनीने ते मोबाइलवर शेजारणीला दाखवलं. ही शेजारीण कारंजा आगारात एसटी कंडक्टर. तिचा मुलगा पाच वर्षांचा होणार होता. तिने वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"माह्या पोराच्या वाढदिवसाले मीच पाहुनी काय? मंग ओवाळाचं कोनं?"

मला राग आला. मजकूर माझा होता ना! पण आमच्याकडे आई ओवाळत नाही तोवर कोणी केकला हात लावू देत नाही, हे मला ठाऊक असूनही सुचलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "ताई, तिचं बराबर हाय. आन् इतकं वाचाले टाइम कोनाले हाय?" मी तोंड पाडून पुन्हा लिहायला बसले.

"पसारा आमचा, ओवाळणं तुमचं.

कारंजा आणि जवळच्या गावांत एक ते सात वर्षांच्या मुलांचे वाढदिवस आम्ही तुमच्या घरी येऊन करतो. सजावट, केक, खेळ, खाऊ आणि नंतरची झाडलोट आमच्याकडे. तुम्ही ड्युटीवरून या, हातपाय धुवा, लेकराला ओवाळा. तारीख आणि मुलांची संख्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा."

एवढंच. मोबाइल न सरकवता दिसेल इतकं. पहिलं काम शेजारणीनेच दिलं.

त्या संध्याकाळी तिची गाडी उशिरा आली. पोरं केकभोवती घिरट्या घालत होती. वहिनीने आणखी दोन खेळ घेतले. ताट तयार होतं, निरांजन मात्र लावलं नव्हतं. शेजारीण खाकी कपड्यांतच धावत आली, हात धुतले आणि निरांजन लावून मुलाला ओवाळलं. मुलगा फुग्यांकडे पाहतच राहिला.

"आई, हे सारं तूच केलं?"

ती ओशाळली. खोलीत गावातल्या दहाबारा आया उभ्या होत्या. ज्यांच्यापर्यंत वहिनीचं नाव पोचायला हवं होतं, त्याच या. मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलं, सांग आता.

वहिनीने फुग्यांचा पंप पदराआड धरला.

"हो रे," ती म्हणाली, "तुह्या आईनंच केलं."