शेवटचे दोन टॅप

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा माझ्याकडे होती. मी कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये नेमणुकीचा नवा आदेश निघायचा, आणि तो निघेपर्यंत मी प्राचार्यांच्या दारातून जाताना उगाच हसायचो. प्रयोगांची वही मात्र मीच लिहिलेली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. माझ्या वर्गातली मुलं तीच वही झेरॉक्स करून वर्षानुवर्षं वापरत होती. त्या वहीतल्या एका ओळीने एका मुलीचं वाटोळं केलं, आणि तेव्हा मी शेजारीच खुर्चीवर बसलो होतो.

ती ओळ शिफ्ट रजिस्टरच्या प्रयोगातली. प्रयोग तसा सोपा आहे. एका रांगेत काही खण, म्हणजे घरं, असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. सर्किटमधल्या घड्याळाचा ठोका पडला की सगळे आकडे एक घर पुढे सरकतात आणि शेवटचा बाहेर पडतो. पहिलं घर रिकामं होतं, तिथे काय भरायचं ते दोन ठरलेल्या घरांवरून काढायचं. दोन्हींत सारखंच असेल तर शून्य, वेगवेगळं असेल तर एक. ज्या घरांकडे बघून हे ठरतं त्यांना टॅप म्हणतात. टॅप नीट निवडले तर समोरचे दिवे असे लागत-विझत जातात की बघणाऱ्याला त्यात काही क्रम सापडत नाही. सगळी शून्यं सोडली तर जितक्या जुळण्या शक्य आहेत तितक्या सगळ्या एकेकदा येऊन जातात आणि मगच पहिली परत येते. चार घरांत पंधरा जुळण्या, आठ घरांत दोनशे पंचावन्न. सगळी शून्यं भरली की मात्र शून्यच येत राहतं, म्हणून ती भरायची नाहीत.

टॅप कोणते घ्यायचे, याबद्दल मी वहीत लिहिलं होतं: "नेहमी शेवटची दोन घरं घ्यावीत." तीन घरांवर मी ते करून पाहिलं होतं, चारवर दरवर्षी मुलांकडून करून घेत होतो, सहा आणि सात घरांवर एकदा हौसेनं जोडून मोजलं होतं. सगळीकडे बरोबर आलं. पाच घरं मी कधी जोडलीच नाहीत. कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. चार ठिकाणी जमलं म्हणजे सगळीकडे जमणार, असं मी धरून चाललो, आणि मास्तर माणसानं एकदा धरलं की त्याला हलवणारा वर्गात कोण असतो?

ती मुलगी दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. वडील दारव्हा-यवतमाळ जीप चालवत. शेवटच्या वर्षाला तिनं प्रकल्प घेतला तो याच रजिस्टरचा, आठ घरांचा. त्यातून निघणारे आकडे दुसऱ्या एका सर्किटला द्यायचे आणि त्यात बिघाड आहे का ते ओळखायचं. चिप तपासायला कारखान्यात हेच वापरतात. तिनं हे कुठूनतरी वाचून काढलं होतं. मी नुसता सही करणारा. तिचा हात मात्र फार स्वच्छ होता. ब्रेडबोर्डच्या भोकांत तिच्या वायरी अशा बसलेल्या असत की दुरुस्त करायला गेलेल्या माणसालाच लाज वाटावी.

त्या वर्षी बाहेरचे परीक्षक म्हणून पुण्याच्या एका चिप तपासणाऱ्या कंपनीतले गृहस्थ येणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं की एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला घेऊन जाईन, आणि तिथे गेलेला माणूस सहसा तिथेच चिकटतो. आमच्या कॉलेजातून असं कुणी कधी गेलेलं नव्हतं. सगळ्यांनी मनातल्या मनात तिचंच नाव लावलं होतं. तिनं तर पुण्यात खोली कुठे मिळेल याचीही चौकशी करून ठेवली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात कागद, त्यावर शून्य-एकच्या रांगा.

"सर, हे त्रेसष्टलेच वापस येऊन राह्यलं. दोनशे पंचावन्न येत नाही. तीनदा मोजलं मी."

मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "वायर ढिली असन कुठंतरी. नाहीतर घड्याळ ठोके खाऊन राह्यलं असन. नियम बरोबर आहे, तू जोडणी पाह्य."

तिनं कागद माझ्यासमोर सरकवला. तिनं विचारलं, वायर ढिली असती तर दरवेळी त्रेसष्टच कसं आलं असतं? प्रश्न अगदी रास्त होता. मला त्याचं उत्तर येत नव्हतं आणि त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, आता उद्यावर आलं आणि तू माझ्याच वहीवर शंका घेतेस का. ती नाही म्हणाली, गेली, आणि संध्याकाळी प्रयोगशाळा बंद होईपर्यंत तिनं सगळा बोर्ड उपटून पुन्हा जोडला. जाताना तिनं मला सांगितलं नाही की पुन्हा त्रेसष्टच आलं. मीही विचारलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते परीक्षक आले. शांत माणूस, बोलताना आवाज खाली. इतर मुलांचे प्रकल्प त्यांनी पाच-पाच मिनिटांत उरकले. तिच्या बोर्डापाशी मात्र थांबले. जोडणी बघून त्यांनी मान डोलावली, आणि मला वाटलं की काम झालं. मग त्यांचं बोट सातव्या आणि आठव्या घरातून निघालेल्या वायरींवर गेलं. त्यांनी विचारलं, "सुरुवातीचा आकडा मी भरू का?"

आठ बटणं होती. त्यांनी घाई न करता भरलं: एक, एक, शून्य, एक, एक, शून्य, एक, एक. मग ठोके सुरू केले. पहिल्या ठोक्याला दिवे बदलले, दुसऱ्याला बदलले, आणि तिसऱ्या ठोक्याला जिथून निघाले होते तिथेच परत आले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तीनच जुळण्या, एकामागून एक, अगदी क्रमाने. आजूबाजूची मुलं आधी हसली आणि मग तिचं तोंड बघून गप्प झाली.

"टॅप कोणी निवडले?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी तिनं माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. तिनं बघितलं नाही. ती बोर्डाकडे बघत म्हणाली, "मीच निवडले, सर."

"मोजून बघितलं होतं?"

"नाही, सर."

तीन वेळा मोजलेली मुलगी, आणि त्यानंतर सगळा बोर्ड उपटून चौथ्यांदा मोजलेली. ती नाही म्हणाली, कारण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग कुणाला विचारलं का नाही. परीक्षकांनी तिला समजावून सांगितलं, रागावले नाहीत. आठ घरांना दोन टॅपांनी भागतच नाही, कोणतेही दोन घ्या. किमान चार लागतात, आठवं, सहावं, पाचवं आणि चौथं घेतलं की दोनशे पंचावन्न मिळतात. सातवं-आठवं घेतलं तर मोठ्यात मोठी फेरी त्रेसष्टची, आणि काही आकड्यांवरून सुरू केलं तर नुसती तीनची. ते म्हणाले, चूक होते, पण चिप तपासणाऱ्याने न मोजता पुढे जाणं बरं नाही. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी पाण्याची बाटली त्यांच्यासाठी उघडून धरली.

त्यानंतर परीक्षक आणि मी जेवलो. माझ्याच खोलीत, एका टेबलावर. त्यांना आमच्या बाजूची भाजी तिखट लागली, मी दही मागवलं. तासभर बसलो. त्यांनी आपणहून तिचा विषय काढला, म्हणाले, हात चांगला होता हो त्या मुलीचा, वाईट वाटलं. मी म्हटलं, हो ना. माझा नवा आदेश निघायचा होता आणि परीक्षकांचा अहवाल प्राचार्यांकडे जाणार होता. खरं न सांगायला एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही. तोंडात घास होता म्हणून बोललो नाही असं तरी म्हणता आलं असतं, पण घास गिळायला तासभर लागत नाही.

पुण्याला दुसराच एक मुलगा गेला. त्याचा प्रकल्प विकत आणलेला होता, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

त्या रात्री घरी मी पेन्सिल घेऊन पाच घरं मांडली. शेवटची दोन घेतली. एकवीस ठोक्यांना परत आलं, एकतीस यायला हवे होते. दहा मिनिटांचं काम होतं. ही दहा मिनिटं मी आयुष्यात आधी कधीही काढू शकलो असतो. वहीतली ओळ मी खोडली, पुढच्या वर्षी नवं पान लावलं, मुलांना म्हटलं की पुस्तकात नवीन आलंय. त्या जूनमध्ये माझा आदेश निघाला.

मागच्या हिवाळ्यात दारव्ह्याला एका लग्नाला गेलो होतो. बसस्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं, बाहेर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग. काउंटरमागे ती बसली होती. मी रांगेत उभा राहिलो. माझं काही काम नव्हतं, पण सरळ पुढे जायची हिंमत नव्हती. माझा नंबर आला तेव्हा तिनं मान वर केली, ओळखलं, उठून उभी राहिली आणि चहा सांगते म्हणाली. मी नको म्हटलं. एवढी वर्षं मनात घोकलेलं होतं ते तिथंच, माणसांसमोर, बोलून टाकलं: वहीतली ओळ चूक होती, ती माझी होती, त्रेसष्ट बरोबर होतं, आणि मी गप्प बसलो.

ती म्हणाली, "मले तेव्हाच समजलं होतं, सर. आठ-सहा-पाच-चारही सापडले होते. सकाळी जोडणार होते, पण तुमची वही पाहून हिंमत झाली नाही."

मी विचारलं, मग माझं नाव का नाही सांगितलं? तिनं खांदे उडवले. मग म्हणाली, "मले वाटलं तुम्ही सांगसान. माह्यासमोर नाही, पण मी गेल्यावर. तुम्ही जेवत होते ना दोघं, मी बाहेर पायरीवरच बसून होते. दार उघडून कोणी बोलवन म्हणून दुपारभर बसले. जेवतानाही नाही सांगितलं का, सर?"

मी नाही म्हणालो.

तिनं मान हलवली, खाली बसली, आणि माझ्या मागच्या म्हाताऱ्याचं आधार कार्ड घ्यायला हात पुढे केला. मी बाजूला झालो.