आवक क्रमांक २१४

माझ्या घरमालकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली, आणि तिचं इंग्रजी तपासून दिलं मी. त्यामुळे या गोंधळात माझाही थोडा हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुधींद्र राव अंबत्तूरच्या एका खाजगी शाळेत संगणक शिकवतात. वय पंचावन्न. तंजावरकडचे मराठी, पूर्वज कधी आले ते त्यांनाच नीट माहीत नाही. मी जिंतूरचा, त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका आयटी ऑफिसात लोकांचे बिघडलेले संगणक दुरून दुरुस्त करतो. आम्हा दोघांचीही भाषा मराठी आहे असं आम्ही समजतो. ते बोलले की मला अर्धं कळतं, मी बोललो की ते हसतात.

माणूस असा की शाळेचा खडू चुकून खिशात आला तर दुसऱ्या दिवशी परत ठेवणार. लॅबच्या दारात चपला काढणार आणि मुलांनाही काढायला लावणार. अशा माणसाने लॅबच्या बावीस संगणकांवर चोरीची विंडोज आणि चोरीचं ऑफिस घातलं होतं. आठ वर्षांपूर्वी, स्वतः बसून, एकाच सीडीवरून.

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. जिंतूरला आमच्या शाळेत एकच संगणक होता, फुलाफुलांच्या कापडाखाली. त्यातलं सगळं बसस्टँडवरच्या मोबाइलवाल्याने भरलेलं. सॉफ्टवेअर विकत घेतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेव्हाही मी ते घेतलं नाही.

पण गेल्या महिन्यात अकरावीतल्या कनकाने वर्गात हात वर केला. त्यांच्या पुस्तकात संगणकातल्या नीतीवर एक धडा आहे. परवानगीशिवाय सॉफ्टवेअरच्या प्रती काढून वापरणं गुन्हा आहे, असं त्यात लिहिलंय. तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ या फिकट अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “सर, पुस्तकात म्हणतात ते हेच का?”

राव त्या रात्री जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी अलमेलूमामी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “काय केलास रे त्यांना?”

“मी काही नाही केलं, मामी!”

दुसऱ्या दिवशी राव पत्राचा कच्चा मसुदा घेऊन वर आले. मुख्याध्यापिकांना विनंती: लॅबमधल्या चोरीच्या प्रती काढून विंडोजच्या जागी लिनक्स आणि ऑफिसच्या जागी लिबरऑफिस घालावं. दोन्ही मोफत; वापरा, कॉपी करा, दुसऱ्याला द्या, सगळं कायदेशीर. जुन्या यंत्रांवर हलकं चालेल. पुस्तकातही ओपनऑफिसच शिकवायला सांगितलंय आणि लिबरऑफिस त्याचंच भावंड, म्हणजे मुलांचं काही अडणार नाही. पत्र फक्कड होतं. फक्त दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘सध्याच्या बेकायदा प्रती मी स्वतः घातल्या आहेत.’

“काका, हे काढा.”

“कां?”

“नोकरी जाईल.”

“मग हें बदला म्हणून कां सांगतों, तें मॅडमला कसें कळणार?”

वाक्य राहिलं. मी फक्त एक स्वल्पविराम हलवला.

पत्र थेट मॅडमच्या हातात द्यायचं, तर यांनी ते रीतसर कार्यालयात दिलं. लेखनिक वेंकटने वाचलंच नाही. शिक्का मारला, आवक रजिस्टरमध्ये क्रमांक टाकला: २१४. संपलं. शाळेत कागदावर क्रमांक पडला की तो कागद देवही मागे घेऊ शकत नाही.

तीन दिवसांनी बोलावणं आलं. काकांनी मलाही नेलं, पेनड्राइव्ह घेऊन, प्रात्यक्षिकासाठी. मुख्याध्यापिका विद्यालक्ष्मी मॅडम तमिळमध्ये बोलत होत्या. माझं तमिळ इडली मागण्यापुरतं आणि रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं, त्यामुळे मी इंग्रजीत उत्तरं देत होतो, काका मधूनमधून मराठीत सांगत होते, आणि उरलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजून घ्यावं लागलं.

मी त्यांच्याच टेबलावरचा संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला. आतल्या डिस्कला हातही न लावता नवं सगळं पडद्यावर आलं. मॅडमनी जुनी प्रश्नपत्रिका उघडून बघितली. एक तक्ता जरासा सरकला होता, बाकी ठीक.

“बिल कुठंय?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम. मोफत आहे,” मी म्हणालो.

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. आठ वर्षांपूर्वीच्या दुकानदाराचं बिल. बावीस संगणक, ‘सर्व सॉफ्टवेअरसह’. शिक्का, सही, सगळं. खरं तर दुकानदाराने संगणकांसोबत एक सीडी दिली होती, एवढंच.

“म्हणजे ज्याचं बिल आहे ते चोरीचं, आणि ज्याचं नाही ते खरं?”

“हो मॅडम. या बिलात लायसन्स कुठेच नाही. नव्याचं लायसन्स त्याच्यासोबतच येतं, छापून घेता येतं.”

“त्यावर सही कोणाची?”

सही कोणाचीच नसते.

मॅडमनी कपाळ चोळलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “राव सर, प्रस्ताव चांगला आहे. पण हे वाक्य लेखी आलंय. आता मी चौकशी केली नाही तर मी दोषी, केली तर तुम्ही. हे पत्र परत घ्या. वाक्य काढून नवं द्या, आजच सही करते.”

रावांची सव्वीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर टांगलेली होती. मी मनात म्हणत होतो, घ्या हो काका, घ्या.

“मॅडम, खोटें काय लिहिलों त्यांत?”

तेवढ्यात सहीचे कागद घेऊन आलेला वेंकट दारातच थांबला. “पत्र परत देऊ नका मॅडम. साठा रजिस्टरात नोंद कशावरून करू? बिल नाही, सहीचा कागद नाही. बिलवालं जुनं का काढलं आणि हे नवं शाळेत कसं आलं, याचा एवढाच कागद आहे. दोनशे चौदा.”

मॅडमनी पत्र पुन्हा वाचलं, वेंकटकडे बघितलं, काकांकडे बघितलं. कबुली काढली तर नव्याचा पुरावा जातो. पुरावा ठेवला तर कबुली राहते. शेवटी त्यांनी दोन कागद लिहिले. पहिल्यावर: प्रस्ताव मंजूर. दुसऱ्यावर: राव यांनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. दोन्ही एकाच पेनने, एकाच चेहऱ्याने. अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना. दारात चपला घालताना मी दोन्ही केलं.

शनिवारी आम्ही बावीस संगणक पुसले. फाइली आधी वेगळ्या डिस्कवर काढल्या, मग एकेकात पेनड्राइव्ह. कनका आणि तिच्या दोन मैत्रिणी प्रत्येक यंत्रावर ‘झालं’ अशी चिठ्ठी लावत फिरल्या. कोपऱ्यातली फिकट अक्षरं गेली. संध्याकाळी काका पहिल्या संगणकावर बसले आणि नव्या ऑफिसात पहिला कागद टाइप केला: स्वतःचा खुलासा. दोनच ओळी. ‘पत्रात लिहिले ते खरे आहे. आता लॅबमध्ये तसे काही नाही.’

“काका, थोडं मऊ लिहा ना. ‘चूक झाली’, ‘क्षमस्व’, असं काहीतरी.”

“सरी,” म्हणजे तमिळमध्ये ‘बरं’, असं म्हणाले, आणि खाली एक ओळ वाढवली: ‘सीडी सोबत जोडली आहे.’

मंगळवारी मॅडमचा शेरा आला: खुलासा पाहिला. सीडी नष्ट करावी. लॅबचा प्रभार राव यांच्याकडेच राहील.

सीडी अजून नष्ट झालेली नाही. सोमवारी वेंकटने तिलाही आवक क्रमांक दिला होता.