गोजराक्काचा घसा आणि माझा सिरका

पौडात कुणाच्या घरी हळद असली की पहिला सांगावा गोजराक्काला जायचा, भटजीला मागनं. हळदीचं जातं फिरायला लागलं की पहिली ओवी तिची, बाकीच्या बाया तिच्यामागनं म्हणायच्या. पण गोजराक्का जात्यापाशी कधी बसली न्हाई. लग्नाला चार वर्सं झाली न झाली तोच तिचा नवरा वारला, आणि विधवेनं हळदीला हात लावायचा न्हाई अशी रीत. म्हणून ती मागच्या पडवीत, कुडाच्या आड बसायची आणि तितनं गाणं धरायची. म्हंजे बाईचा गळा चालतो, हात चालत न्हाई. मला ही रीत कवाच पटली न्हाई, आणि मी तसं चारचौघीत बोललेय. पण मी पडले अत्तारांची सून फहमिदा. आमचं बाजारात कुंकवा-अत्तराचं दुकान, आमच्याकडनं कुंकू घ्यायचं, पण माझं ऐकायचं न्हाई.

गोजराक्काचं घर आमच्या परसाला लागून. लोकांची भातं लावून, दळणं दळून तिनं एकुलती एक लेक वाढवली, चंद्रा. अठ्ठावन्न साली चंद्राचं लग्न चांद्याला ठरलं. आनंद झाला होता बाईला, पण एक दिवस माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, “फहमिदा, पोरीच्या अंगाला मला हळद लावाया मिळायची न्हाई. माझी ओवी तेवढी तिच्या अंगाला लागंल. दुसरं काय हाय माझ्यापाशी?”

आणि हळदीला आठ दिवस राहिले असताना तिचा घसा बसला. सर्दी होऊन गेली होती, त्यात घरभर सारवण आणि तांदूळ पाखडायची धूळ. आवाज फाटला आणि गिळताना टोचायला लागलं.

आता औषध सांगायला पौडात कोण मागं राहतंय? साळूबाई, तिची चुलत जाऊ, लिंबं घेऊन आली. “तांब्याचा हंडा कसा काळा पडतो आन् लिंबानं कसा लख्ख होतो? घशाचं बी तसंच. चिकटा बसलाय, आंबटानं कापला जाईल.” अख्ख्या लिंबाचा रस, त्यात पाण्याचा थेंब न्हाई, असा तिला दिवसातनं तीनदा पाजला.

साळूबाईला नावं ठेवून मी सुटत न्हाई. दुसऱ्या दिवशी मी सिरका घेऊन गेले. सासूबाई दर साली जांभळाचा रस बरणीत आंबवून सिरका करायच्या, जेवणात कांद्यावर घालायला. घसा धरला की चमचाभर सिरका पेलाभर पाण्यात घालून गुळण्या करायच्या, हे मी सासरी बघितलेलं. तसंच सांगून मी बाटली ठेवून आले. पण गोजराक्काला घाई होती. चमच्याचे तीन चमचे झाले, पाणी निम्मं झालं. गुळणी केली की झणझणायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ती खूश व्हायची. म्हणायची, “झोंबतंय म्हंजे लागू पडतंय.” मी बी मान डोलवली. माझ्या अकलेची आज बी मला लाज वाटते.

पाचव्या दिवशी तिला थुंकी गिळवेना. पेज पुढं ठेवली तर हातानं सारली. आवाजाच्या जागी नुसती हवा. चंद्रा माझ्याकडं रडत आली, तवा मी गोजराक्काला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर फिरतीवर होते, कंपाउंडर हैबतराव होते. माणूस तिरसट, पण हाताला गुण.

त्यांनी चमच्यानं जीभ दाबली, बॅटरी मारून आत बघितलं. “पांढरं काय दिसत न्हाई. ताप बी न्हाई. पण आत समदं लालबुंद सोललंय. काय काय घेतलं?”

गोजराक्कानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून लिंबू सांगितलं, सिरका सांगितला, हंड्याची गोष्ट बी सांगितली.

हैबतराव हसले न्हाईत. माझ्या बोटाला विळीचा काप गेलेला त्यांना दिसला. “ह्याच्यावर लिंबू पिळशील?”

“न्हाई बा. जीव जाईल.”

“का? लिंबू चांगलं असतं म्हणतीस ना. बाकीच्या हातावर चालंल, कापावरच का न्हाई? तिथली कातडी उघडी हाय म्हणून. घसा सुजला की आतली कातडी तशीच हुळहुळी होती. निरोग्या घशाला पाणी घातलेलं आंबट एखाद्या वेळी चालून जाईल. सुजलेल्याला ते बी झोंबतं, आन् दाट असलं तर भाजतंच. हंडा तांब्याचा हाय, त्याला दुखत न्हाई.”

“पण झोंबलं की बरं वाटायचं तिला,” मी म्हणाले.

“झोंबणं म्हंजे कातडी ओरडतीया, की पुरं करा. आन् आणिक एक. गुळणीचं पाणी जितवर जातं त्याच्या खाली आवाजाची जागा. तितवर तुमची गुळणी पोचतच न्हाई. आवाजाला औषध एकच, गप बसणं.”

कोमट पाण्यात मीठ घालून हलक्या गुळण्या, निवलेली मऊ पेज, आंबट-तिखट बंद, आणि हळदीपर्यंत एक शब्द न्हाई, कुजबुज सुद्धा न्हाई. तापानं फणफणली किंवा पाणी बी गिळवेना झालं तर तडक घेऊन या, म्हणाले. गोजराक्कानं हातानं गाण्याची खूण केली आणि विचारल्यासारखी बघत राहिली. हैबतराव म्हणाले, “येईल आवाज. पण किती येईल ते सांगत न्हाई.”

चार दिवस ती बाई मुकी राहिली. मी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हाकललं, एकीच्या ओटीतलं लिंबू सुद्धा काढून घेतलं. गिळणं सुधारलं. आणि हळदीचा दिवस उजाडला.

जातं मांडलं, चंद्रा पाटावर बसली, बायांनी तिच्या गालांना, हातांना ओली हळद लावली. समद्यांचे कान पडवीकडं. कुडाआडनं गोजराक्कानं ओवी धरली, पण आवाज एवढा बारीक, की जात्याच्या घरघरीत बुडून गेला. बायांना उचलता येईना. साळूबाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे, मी म्हणते.” मला वाटलं, माझ्या सिरक्यानं बाईचं होतं-नव्हतं ते नेलं.

तेवढ्यात चंद्रा उठली.

“पाटावरनं उठू नको गं, अपशकुन हाय,” साळूबाई म्हणाली.

“मला आईचं ऐकू येईना,” चंद्रा म्हणाली, आणि तशीच हळदीच्या अंगानं पडवीत गेली. आईजवळ बसून तिनं आईच्या तोंडाशी कान नेला आणि खांद्यावर गाल टेकला. गोजराक्का आधी अंग चोरून मागं सरली. मग सरायची थांबली. एका हातानं पोरीला धरलं आणि तिला एकटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओवी पुरी केली. जातं थांबलं होतं. कुणी बोललं असतं तर मी होते.

चंद्राला मांडवात परत सोडायला आली तवा गोजराक्काच्या पांढऱ्या लुगड्याला खांद्यापासनं कोपरापर्यंत हळद लागलेली. तळहात पिवळा. साळूबाईनं बघितलं आणि सवयीनं म्हणाली, “डाग बसंल त्यो. लिंबू चोळ, निघंल.”

गोजराक्कानं पदर सावरून डागावर हात ठेवला.

“न्हाई,” ती बारीक आवाजात म्हणाली. “आता कशालाच लिंबू न्हाई.”