छत्तीस भागिले दोन, आणि पुढे कंस

गणिताच्या बाई बोलतानासुद्धा कंस टाकायच्या. नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं, "मीठ आणि साखर थोडी घालू?" की बाहेरून उत्तर यायचं, "थोडी फक्त साखर, की थोडं मीठ आणि थोडी साखर? नीट सांगा." तो बिचारा चमचा हातात धरून विचार करत उभा राहायचा आणि शेवटी काहीच घालायचा नाही.

शाळेत मुलांनी त्यांचं नाव कंसमावशी ठेवलं होतं. कारण उघड होतं. कंस हा मामा, तेव्हा बाई मावशी. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं, पण तसं दाखवलं तर शिस्तीचे तीनतेरा वाजतील म्हणून त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पोरांनी कंस विसरला की लाल पेनाने असा ठसठशीत कंस काढून द्यायच्या की वहीचं मागचं पानसुद्धा शहाणं व्हावं. तशा स्वभावाने गरीब, पण गणितात चुकीला माफी नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपण चुकत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. इतकी वर्षं कुणी चूक दाखवलीच नव्हती, त्याला त्या तरी काय करणार.

मग एका रविवारी धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर ते कोडं टाकलं. ३६ ÷ २(१ + २)². खाली लिहिलेलं, हुशार असाल तर सोडवा. दिरांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांनी गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर केलं आणि उत्तर काढलं चारशे. जाऊबाईंनी फोनवर केलं, एकशे बासष्ट आलं. नवरा-बायकोत जुंपली, मग सगळं घरच त्यात उतरलं. बाईंनी हात पुसले आणि निकाल दिला: आधी कंस, एक अधिक दोन तीन. मग घातांक, तिनाचा वर्ग नऊ. मग भागाकार-गुणाकार डावीकडून उजवीकडे: छत्तीस भागिले दोन अठरा, अठरा नव्वे एकशे बासष्ट. विषय संपला. दीर एवढंच म्हणाले की दुकानातला कॅल्क्युलेटर जन्मात कधी खोटं बोललेला नाही.

बाईंना हे लागलं. त्याच आठवड्यात शाळेत एक परीक्षा होती. उन्हाळ्यात गणिताचं मोठं शिबिर भरायचं आणि प्रत्येक शाळेतून एकच मूल घ्यायचं. निवड बाईंकडे. शिबिरात कॅल्क्युलेटर चालतो म्हणून परीक्षेतही चालत होता. बाईंनी ते कोडं जसंच्या तसं शेवटचा प्रश्न म्हणून टाकून दिलं. तीन गुणांना.

शर्यत दोघांतच होती. एक उंच मुलगा, त्याला वर्गात घड्याळ म्हणायचे, कारण त्याचं सगळं वेळेवर आणि नेमकं. दुसरी एक मुलगी. तिला शिक्षकांच्या खोलीत चौकशीखिडकी असं नाव पडलं होतं. ती उत्तरापेक्षा प्रश्न जास्त विचारायची आणि तास संपल्यावरही जायची नाही. घड्याळाने लिहिलं एकशे बासष्ट. खिडकीने लिहिलं दोन. बाईंनी दोनावर लाल फुली मारली, घड्याळ दोन गुणांनी पुढे गेला आणि फलकावर त्याचं नाव लागलं. त्याच्या आईने फोन करून बाईंचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. हातात दोन कॅल्क्युलेटर. एक तिच्या ताईचा जुना, पाठीवर चिकटपट्टी लावलेला, आणि एक मैत्रिणीचा नवाकोरा. तिने दोन्ही टेबलावर ठेवले, एकाच वेळी दोन्हींवर तेच दाबलं. जुन्यावर आलं दोन. नव्यावर एकशे बासष्ट. बाई म्हणाल्या, जुना बिघडलाय. मुलीने त्यावर बाईंना हवी ती दहा गणितं करून दाखवली. एकही चुकलं नाही.

"बाई, गुणांचं राहू दे," ती म्हणाली. "मला फक्त हे कळत नाही, की यंत्र चुकलं नाही तर उत्तर दोन कसं आलं?"

आता खरं सांगायचं तर बाईंना राग यायला हवा होता. पण आली ती उत्सुकता. यंत्र खोटं बोलत नाही आणि आपणही खोटं बोलत नाही, मग मधे आहे कोण? त्या उठल्या आणि मिळतील तेवढे कॅल्क्युलेटर गोळा करत सुटल्या.

आधी ऑफिसातल्या हेडक्लार्ककडे. त्याचा मोठ्या बटणांचा, कंसाची बटणंच नसलेला. त्यावर आलं चारशे, दिरांचंच उत्तर. बाईंनी एकेक बटण दाबून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. हा प्राणी पुढचं काही वाचतच नाही. छत्तीस भागिले दोन दाबलं, अठरा. गुणिले एक, अठराच. अधिक दोन, वीस. आणि वर्ग म्हणाल तर हातात असलेल्या विसाचा वर्ग, चारशे. त्याला जे जसं सांगाल ते तसंच्या तसं करून मोकळा. दिरांचं दुकान चालायला तेवढं पुरे होतं.

मग भौतिकशास्त्राच्या सरांचा. तोही ताईच्या कॅल्क्युलेटरच्याच कंपनीचा, फक्त पुढचं मॉडेल. त्याने गंमतच केली. बरोबरचं बटण दाबताच पडद्यावर स्वतःहून जास्तीचे कंस टाकले, ३६ ÷ (२(१ + २)²), आणि म्हणाला दोन. बाई बघतच राहिल्या. कंस न विचारता टाकणारं आणखी कुणीतरी जगात आहे, हे त्यांना नवीन होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हेडक्लार्कने कौतुकाने आकडेमोडीचा तक्ता उघडून दिला. तिथे त्यांनी सहज उणे तीन आणि त्यावर वर्ग असं टाकलं, तर आलं अधिक नऊ. सरांचा कॅल्क्युलेटर उणे नऊ म्हणत होता: त्याच्या मते वर्ग फक्त तिनाचा आणि उणे नंतर, तर तक्त्याच्या मते उणे आधी. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. तास सुरू झाल्याची घंटा वाजली तरी उठल्या नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत परतल्यावर मुलीने घरून आणलेलं, ताईच्या कॅल्क्युलेटरबरोबर आलेलं माहितीपत्रक पुढे केलं. बारीक अक्षरात कामाचा क्रम दिला होता. आधी कंस, मग घात, मग चिन्ह न लिहिता केलेला गुणाकार, आणि त्यानंतर साधा गुणाकार-भागाकार. म्हणजे दोन आणि कंस यांच्यामधे गुणिलेचं चिन्ह नाही, तेव्हा ते एकमेकांना चिकटलेले मानायचे: दोन नव्वे अठरा आधी, आणि छत्तीस भागिले अठरा दोन. मैत्रिणीकडून आणलेल्या नव्या कॅल्क्युलेटरच्या पत्रकात ही ओळच नव्हती. दोन्ही आपापल्या नियमाने वागत होते.

"पण नियम एकच असतो," बाई म्हणाल्या. "कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी." असं म्हणताना त्या 'चे'वर अडखळल्या. 'अठराचे अर्धे' यातला तो 'चे' म्हणजे गुणाकारच की. आणि तो भागाकाराच्या आधी. त्या स्वतःच तो शिकवत आल्या होत्या आणि कधी विचारलं नव्हतं की त्याला ही खास वागणूक का.

मुलगी तोवर फळ्याकडे गेली होती. तिने लिहिलं, ६क ÷ २क.

"बाई, हे किती?"

"तीन," बाई म्हणाल्या. हे तर त्या झोपेतही सांगतील.

"क म्हणजे पाच घेते. सहा पाचे तीस. भागिले दोन पंधरा. गुणिले पाच, पंच्याहत्तर. तुम्ही फुली मारलीत त्या नियमाने."

बाईंनी फळ्यावरच्या त्या चार अक्षरांकडे पाहिलं. बीजगणितात दरवर्षी, प्रत्येक वर्गात त्या हेच शिकवत आल्या होत्या की २क हा एकच तुकडा आहे, तीस भागिले दहा तीन. म्हणजे सोमवारी बीजगणितात ज्या वाचण्याला त्या पूर्ण गुण द्यायच्या, त्यालाच मंगळवारी अंकगणितात फुली. आपणच घातलेल्या गोंधळात आपणच परीक्षक होऊन बसलो, हे कळलं तेव्हा त्यांना खरंच लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

मुलीने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एकीत (३६ ÷ २) × (१ + २)². दुसरीत छत्तीसखाली लांब आडवी रेघ आणि रेघेखाली २(१ + २)². मग वळून विचारलं, "यातलं तुम्हाला कोणतं म्हणायचं होतं?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं: यातलं कोणतंच त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांनी ते दिरांच्या मेसेजमधून उचललं होतं. ज्याला काही मोजायचं असतं तो माणूस रेघ ओढतो नाहीतर कंस टाकतो. असं अर्धवट फक्त भांडण लावायला लिहितात. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीत कंस टाकणाऱ्या बाईने नेमका आपल्या प्रश्नात तो टाकला नव्हता.

मुख्याध्यापिकांना त्यांनी सगळं सांगितलं. त्या वैतागल्या, नाव फलकावर लागलंय, पालकांना कळवलंय, आता हे काय नवीन. पण प्रश्न सदोष असेल तर तो रद्द, हा शाळेचा नियम. तीन गुण गेले की मुलगी एका गुणाने पुढे होती. शिबिरवाल्यांना दुसऱ्या जागेबद्दल विचारलं, ते नाही म्हणाले. फलकावरचा कागद शिपायाने काढला, पण मुलाला मी स्वतः सांगणार, असं बाई म्हणाल्या.

घड्याळ वर्गात शेवटच्या बाकावर दप्तर भरत होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुझं उत्तर चूक नव्हतं, माझा प्रश्न चूक होता, चूक माझी आणि भुर्दंड तुला, असंही म्हणाल्या. मग त्याने आपला कॅल्क्युलेटर काढला.

"दोन यायला कंस कुठे टाकू?"

बाईंनी बोटाने दाखवलं. दोनच्या आधी एक, वर्गाच्या नंतर एक. त्याने टाकले, बरोबर दाबलं, पडद्यावर दोन आलं. त्याने नीट निरखून पाहिलं. नंतर दुसरे कंस टाकून एकशे बासष्टही आणलं. तेही आलं. एवढ्यातही त्याला कुठेतरी बरं वाटलंय, हे बाईंना दिसलं आणि त्यांचा जीव गलबलला.

"म्हणजे आम्ही दोघंही बरोबर," तो म्हणाला.

"हो रे."

"पण जागा एकच."

"एकच," बाई म्हणाल्या.